‘आठ दिवसांनी या’ आणि सात दिवसांची मुदत

वाचकाचे पत्र

‘मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात काम करते. १ जूनपासून आमच्या वेळा बदलत आहेत. सकाळची १० ते १ ही वेळ ९ ते १२ होईल आणि संध्याकाळची ६ ते ९ ही वेळ ५ ते ८ होईल. फीसुद्धा वाढणार आहे, आणि फेरतपासणीची विनाशुल्क मुदत १५ दिवसांवरून ७ दिवसांवर येणार आहे. डॉक्टर म्हणतात, “दोन ओळी लिहून चिकटवून टाका.” मला वाटते की एवढ्यावर लोक चिडतील, म्हणून फी का वाढवावी लागली हे सविस्तर लिहून माफी मागावी आणि फीचा आकडा शेवटी, जरा लहान अक्षरात द्यावा. सूचना नम्र असावी, पण ती कशी लिहावी?’

– एक स्वागतिका

उत्तर

डॉक्टर आणि तुम्ही, दोघांचेही अर्धे म्हणणे मला पटते. कारणे नकोत हे डॉक्टरांचे बरोबर आहे आणि दोन ओळी पुरणार नाहीत हे तुमचे बरोबर आहे. ज्या ओळी वाढवायच्या आहेत त्या मात्र तुम्ही योजलेल्या ओळी नाहीत.

फी वाढली म्हणून रुग्ण चिडतात, असे तुम्ही गृहीत धरले आहे. काही जण चिडतीलही, पण टेबलाशी जी खरी वादावादी होते ती बहुतेक वेळा वाढीवरून नसते. पैसे काढून हातात धरल्यानंतर ते कमी पडतात, हे चार लोकांसमोर कळते, त्यावरून ती होते. त्या क्षणी जागेचे भाडे, औषधांचे दर, पगार ही कारणे भिंतीवर कितीही सुरेख लिहिलेली असली तरी कोणी वाचत नाही. रुग्णाला एवढेच हवे असते की मला किती द्यायचे आहेत, कोणत्या दिवसापासून द्यायचे आहेत आणि मी कालच दाखवून गेले असेन तर मलाही द्यायचे आहेत का. याची उत्तरे घरून निघण्यापूर्वी मिळाली, तर फी परवडते की नाही याचा विचार ज्याचा तो शांतपणे करतो. म्हणून आकडा शेवटी आणि लहान अक्षरात ठेवू नका. लपवलेला आकडा सापडला की वाचणाऱ्याला आधी फसवल्यासारखे वाटते आणि मग त्याच कागदावरची माफीही खोटी वाटू लागते.

याच कारणाने ‘शुल्कात सुधारणा करण्यात आली आहे’ हे वाक्य मी तुम्हाला लिहू देणार नाही. सुधारणा म्हटले की काहीतरी चांगले झाले असे कानाला वाटते, आणि पैसे तर जास्त पडतात. ‘फी वाढली आहे’ असे लिहिण्यात कोणताही उद्धटपणा नाही. ‘इतके टक्के वाढ’ असेही लिहू नका, कारण त्यामुळे प्रत्येकाला दारात उभे राहून हिशेब करावा लागतो. जुनी रक्कम आणि नवी रक्कम शेजारी शेजारी लिहिली की प्रश्न मिटतो.

दिलगिरी हवीच, पण ती वेळेबद्दल हवी. फी ठरवणे हा डॉक्टरांचा निर्णय आहे आणि तो सरळ सांगावा. वेळ बदलल्याने मात्र रुग्णाची खरोखर अडचण होते, आणि ती कुठे होते हे नेमके ओळखून तेवढ्यापुरते एक वाक्य लिहिले, तर ते मनापासून लिहिल्यासारखे वाटते. वरवर पाहता तुमच्या दोन्ही सत्रांची वेळ एकेक तास अलीकडे आली आहे, एवढेच दिसते. पण या सरकण्याचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. जे पूर्वीही सकाळी साडेदहाला किंवा संध्याकाळी साडेसहाला येत होते, त्यांना काहीच फरक पडत नाही. नऊ वाजता उघडते हे ज्याला माहीत नाही, त्याचेही काही बिघडत नाही, तो आपला दहाला येतो आणि त्याला दाखवता येते. फटका बसतो तो दुपारी साडेबाराला आणि रात्री साडेआठला येण्याची सवय असलेल्यांना, कारण त्यांच्यासाठी दवाखाना बंदच झालेला असतो. रात्री आठनंतर येणाऱ्यांत कामावरून सुटून येणारे लोक बरेच असतात आणि त्यांच्याजवळ दुसरी वेळ सहसा नसते. म्हणून सूचनेत नवी वेळ लिहिल्यावर, जे तास गेले त्यांचाही वेगळा उल्लेख करा: दुपारी १२ ते १ आणि रात्री ८ ते ९ या वेळेत यापुढे तपासणी होणार नाही. हे एक वाक्य कित्येक फेऱ्या वाचवते.

ही गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. एकदा आईला घेऊन मी रात्री एका दवाखान्यात गेले, तर शटर खाली ओढलेले होते. आम्ही पायरीवर थांबलो, कारण वेळ अजून संपलेली नव्हती, निदान आमच्याजवळच्या जुन्या चिठ्ठीवर तरी तसेच छापलेले होते. शेजारच्या माणसाने सांगितले तेव्हा कळले की वेळ बदलून पंधरवडा झाला आहे. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा सूचना दिसली. ती आतल्या काचेच्या दारावर, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून, अगदी नीट लावलेली होती, आणि त्या दारापुढे शटर होते. म्हणजे दवाखाना उघडा असेल तेव्हाच ती वाचता येत होती. ज्यांना तिची गरज होती ते सगळे शटर बंद असतानाच येणार होते. तुमच्याकडे शटर असेल तर एक प्रत त्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावा आणि ती भिजणार नाही असे पाहा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याजवळ मी थांबले, त्याकडे येते. फेरतपासणीच्या मुदतीचे तुम्ही ‘आणि’ लावून जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते तिन्ही बदलांतला सर्वांत मोठा बदल हाच आहे. फीची वाढ प्रत्येकाला थोडी लागते, पण मुदत कमी झाल्याने, पूर्वी ज्या भेटीला काहीच पडत नव्हते त्या भेटीची पूर्ण फी पडू लागते. दहाव्या दिवशी परत दाखवायला येणाऱ्या माणसाचा फीचा खर्च त्यामुळे दुपटीहूनही जास्त होतो. ‘रिपोर्ट दाखवायला पैसे पडणार का?’ हा प्रश्न तुम्हाला दिवसातून कितीदा ऐकावा लागतो, हे माझ्यापेक्षा तुम्हीच चांगले सांगू शकाल.

यात आपल्या भाषेनेच करून ठेवलेली एक अडचण आहे. डॉक्टर रुग्णाला काय सांगतात? ‘आठ दिवसांनी या.’ आपण आठवड्यालाच आठ दिवस म्हणतो, कारण सोमवारपासून सोमवारपर्यंत दोन्ही सोमवार धरून मोजले की आठ होतात. तशीच ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवड्यांनी. आजवर मुदत १५ दिवसांची होती, त्यामुळे या बोलण्यातून काही घोटाळा झाला नाही. आता सात दिवसांची मुदत आणि ‘आठ दिवसांनी या’ हे दोन्ही एकाच खोलीत बोलले जाणार आहे.

एक उदाहरण तारखेनिशी पाहू. समजा एका बाईंची पहिली तपासणी सोमवारी, ८ जूनला झाली आणि डॉक्टरांनी त्यांना आठ दिवसांनी बोलावले. त्या पुढच्या सोमवारी, १५ जूनला येतात. तपासणीचा दिवस धरून सात दिवस मोजले, तर मुदत रविवारी, १४ जूनलाच संपली, त्यातही रविवारी दवाखाना बंद. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी येऊनही बाईंना पूर्ण फी पडली. तपासणीचा दिवस सोडून मोजले, तर १५ जून हाच सातवा दिवस आहे आणि फी पडत नाही. कागदावरचा ‘७ दिवस’ हा शब्द एकच आहे, पण पहिला दिवस धरायचा की सोडायचा यावर फी पडते किंवा वाचते. आणि कोणी ‘आठ दिवसांनी’ हे शब्दशः घेऊन मंगळवारी, १६ जूनला आले, तर ते दोन्ही हिशेबांत बाहेर पडतात.

म्हणून सूचना लिहिण्याआधी डॉक्टरांपुढे तीन प्रश्न ठेवा आणि उत्तरे लिहून घ्या. तपासणीचा दिवस मोजायचा का? सातवा दिवस सुट्टीचा आला तर काय? आणि रिपोर्टच उशिरा आला तर काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘मोजायचा नाही’ असे मिळावे, असे मला वाटते. दुसऱ्यात पुढचा कामाचा दिवस धरावा. तिसरा थोडा नाजूक आहे, कारण काही तपासण्यांचे अहवाल एका दिवसात येतात, तर बायोप्सीसारख्या तपासणीला आठवडाही लागू शकतो आणि ते रुग्णाच्या हातात नसते. याला सूचनेत नियम घालू गेलात तर ती कायद्याच्या कलमासारखी वाचू लागेल. त्यापेक्षा तुमच्या टेबलावर एक साधी सवय लावा. फी घेताना केसपेपरच्या कोपऱ्यात तुम्ही स्वतः पेनाने लिहून द्या: ‘या तारखेपर्यंत फी नाही’, आणि पुढे तारीख. रिपोर्ट उशिरा येणार असेल, तर डॉक्टरांना विचारून पुढची तारीख घाला. मग रुग्णाला मोजावे लागत नाही, तुम्हाला वाद घालावा लागत नाही आणि ‘आठ दिवस’ म्हणजे किती हा प्रश्नच उरत नाही.

मुदत इतकी कमी का करायची, हेही डॉक्टरांना एकदा विचारून पाहायला हरकत नाही. बरेचदा कारण असे असते की चौदाव्या दिवशी कोणीतरी नवीच तक्रार घेऊन येते आणि ती फेरतपासणीत धरावी अशी अपेक्षा करते. तसे असेल तर मुदत कमी केल्याने ते थांबणार नाही, ते सातव्या दिवशीही होईल. त्यासाठी सूचनेत ‘त्याच तक्रारीसाठी’ हे दोन शब्द लागतात. ते घातल्यावर डॉक्टर कदाचित दहा दिवसांची मुदत द्यायलाही तयार होतील, आणि मी तुमच्या जागी असते तर तेवढा शब्द नक्की टाकला असता. अर्थात निर्णय त्यांचा आहे.

आणखी एक गोष्ट लिहिण्याआधी ठरवून घ्यायला हवी. बदलाच्या तारखेला जे लोक मधल्या टप्प्यात असतील, त्यांचे काय? सोमवारी, २५ मे रोजी दाखवून गेलेल्या आणि दहा दिवसांनी बोलावलेल्या रुग्णाचा विचार करा. तो गुरुवारी, ४ जूनला येईल. त्याला जाताना १५ दिवसांची मुदत सांगितली होती, म्हणजे ९ जूनपर्यंत. नवा नियम त्याला लावला, तर मुदत १ जूनलाच संपलेली असेल. दिलेला शब्द मोडू नये. परत येण्याची तारीख पाहू नका, पहिली तपासणी कधी झाली ते पाहा. ती १ जूनपूर्वीची असेल तर जुना नियम. ही सवलत आपोआप जूनच्या मध्याला संपते, त्यामुळे डॉक्टरांचे फारसे नुकसानही होत नाही. तसेच ज्यांना आधीच जूनमधली अपॉइंटमेंट दिलेली आहे त्यांच्याकडून जुनी फी घ्या, आणि त्यांपैकी ज्यांची वेळ गेलेल्या तासांत पडते त्यांना सूचनेवर न विसंबता फोन करा. वही उघडलीत तर असे लोक मोजकेच निघतील.

हे सगळे ठरल्यावर सूचना लिहिणे सोपे आहे. मी एक मसुदा देते. रकमा मोकळ्या सोडल्या आहेत, आणि मुदत तुम्ही कळवल्याप्रमाणे सात दिवसांचीच ठेवली आहे.

सूचना

सोमवार, १ जून २०२६ पासून दवाखान्याच्या वेळा आणि तपासणीची फी बदलत आहे.

नवी वेळ: सकाळी ९ ते दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ८. रविवारी दवाखाना बंद राहील. नाव नोंदवण्याची शेवटची वेळ सकाळच्या सत्रात ११.३० आणि संध्याकाळच्या सत्रात ७.३० आहे. दुपारी १२ ते १ आणि रात्री ८ ते ९ या वेळेत यापुढे तपासणी होणार नाही. ज्यांना ही वेळ सोयीची होती त्यांची यामुळे अडचण होईल, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

नवी फी: तपासणीची फी ______ आहे. (३१ मेपर्यंत ______ होती.)

त्याच तक्रारीसाठी पुन्हा दाखवण्यास किंवा रिपोर्ट दाखवण्यास ७ दिवसांपर्यंत फी नाही. यात तपासणीचा दिवस मोजलेला नाही. शेवटचा दिवस सुट्टीचा असल्यास पुढचा कामाचा दिवस धरला जाईल. आपली शेवटची तारीख आपल्या केसपेपरवर लिहून दिली जाईल.

ज्यांची तपासणी १ जूनपूर्वी झाली आहे त्यांना पूर्वीप्रमाणे १५ दिवसांची मुदत राहील. ज्यांनी १ जूनपूर्वी अपॉइंटमेंट घेतली आहे त्यांना जुनीच फी राहील.

काही शंका असल्यास कृपया स्वागतकक्षात विचारावे.

पाहा, यात ‘सर्व रुग्णांना कळविण्यात येते की’ नाही आणि ‘सहकार्य करावे ही नम्र विनंती’ही नाही. तुम्हाला ती ओळ घालावीशी वाटली तर घाला, तिने बिघडत काही नाही. पण या सूचनेची नम्रता त्या ओळीत नसून, वाचणाऱ्याला पडणारे प्रश्न तिने आधीच विचारात घेतले आहेत, यात आहे. ‘पुढील सोमवारपासून’ असेही मी लिहिले नाही, कारण असा कागद चार आठवडे भिंतीवर राहिला की दर आठवड्याला नवा ‘पुढील सोमवार’ उगवतो. वार आणि तारीख दोन्ही द्या. तातडीच्या वेळी फोन करण्याचा क्रमांकही मी मुद्दाम घातलेला नाही. रात्री तो कोणी नक्की उचलणार असेल तरच घाला.

फी झेपत नाही अशा रुग्णांसाठी डॉक्टर काही सूट देत असतील, तर तेही भिंतीवर लिहू नका. त्याऐवजी अशा माणसाला चारचौघांत बोलावे लागू नये, याची काळजी तुम्ही टेबलाशी घ्या.

सूचना शक्य तर छापून घ्या. हाताने लिहिली तर देवनागरी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात आणि तुमच्या सूचनेत नेमके तेच दोन आकडे वेळेत आले आहेत. चिकटवल्यावर चार पावले मागे जा. तिथून तारीख, वेळ आणि फी वाचता आली पाहिजे, बाकीचे जवळ येऊन वाचले तरी चालते.

ती कधी लावायची, याचा हिशेब रुग्णांच्या येण्यावरून करा. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांचे रुग्ण अनेकदा महिन्याची औषधे घेऊन जातात आणि महिन्यानेच परत येतात. १ मेच्या सुमारास सूचना लावलीत तर त्यांतला बहुतेक प्रत्येक जण १ जूनपूर्वी एकदा तरी ती पाहील. पंधरा दिवस आधी लावलीत तर निम्मे चुकतील. शिवाय मे महिन्यात प्रत्येकाला केसपेपर देताना तोंडी एक वाक्य सांगा, कारण वाचता न येणारे, चष्मा विसरलेले आणि वेदनेत असलेले लोक भिंतीकडे पाहत नाहीत.

फोनवर संदेश पाठवणार असाल तर तो चार ओळींचा करा, त्यात तारीख, वेळ, गेलेले तास आणि नवी फी एवढेच असू द्या. सर्व रुग्णांचा एक व्हॉट्सॲप गट मात्र करू नका. त्यात प्रत्येकाचा क्रमांक सगळ्यांना दिसतो, आणि कोण कोणत्या डॉक्टरांकडे जाते ही गोष्ट इतरांना कळायला नको. ब्रॉडकास्ट यादीने पाठवलात तर क्रमांक दिसत नाहीत, पण ज्यांनी दवाखान्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना तो संदेश पोहोचतच नाही. त्यामुळे पाठवला म्हणजे मिळाला असे समजू नका.

आणि जुन्या वेळा कुठे कुठे लिहिलेल्या आहेत ते शोधा. दारावरची पाटी, नकाशावरची नोंद, फोनवरचा ध्वनिमुद्रित संदेश या गोष्टी आठवतात, पण डॉक्टरांची चिठ्ठी हमखास विसरली जाते. तिच्या खाली वेळ छापलेली असते, आणि माझ्या आईसारखे लोक ती फाइलमध्ये वर्षानुवर्षे जपून ठेवतात. उरलेले पॅड फेकण्याची गरज नाही. जुन्या वेळेवर एक रेघ मारून शेजारी नव्या वेळेचा रबरी शिक्का मारा, आणि परत येणाऱ्या रुग्णाच्या हातात जुनी चिठ्ठी दिसली तर तिच्यावरही तोच शिक्का मारून द्या.

जूनचे पहिले दोन आठवडे तरी रात्री आठनंतर थोडा वेळ कोणीतरी दारात थांबेल, अशी व्यवस्था डॉक्टरांना करायला सांगा. तपासणी होणार नसली तरी आलेल्याला दुसऱ्या दिवशीची वेळ तिथेच लिहून देता येईल. ऑगस्टच्या अखेरीस ही सूचना उतरवा आणि तिच्या जागी नव्या वेळा व फी यांची कायमची पाटी लावा.